मदत हवी आहे: घरचा जुना ग्रुप बंद करून नवीन काढतोय, मेसेज कसा लिहू?

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन एकटे थोरले काका होते, ते गेले त्याला दोन महिने झाले. फोन चुलतभावाने फॉरमॅट केला, सिमही बंद, आता नव्या सूनबाईंना अ‍ॅड करायचं तर कुणालाच जमत नाही. म्हणून नवीन ग्रुप केलाय, एकूण ४३ जण. काल जुन्या ग्रुपवर हे टाकलं:

"सर्वांना नमस्कार, हा ग्रुप बंद होत आहे. खालील लिंकवर क्लिक करून त्वरित जॉइन व्हा."

जॉइन झाले ९. मामींनी विचारलं हा फ्रॉड आहे का, आणि आत्या म्हणाली दादाचा ग्रुप कोण बंद करतंय? काय चुकलं?

निशिगंध: सगळं चुकलं 😄 "त्वरित क्लिक करा" हे बँकवाल्या फसव्या मेसेजसारखंच वाटतं ना! शिवाय तुम्ही अ‍ॅडमिन नाही, तर ग्रुप बंद करणार कसा? बंद नका लिहू. आधी स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट टाका, मग लिंक. सगळे आले की लिंक रीसेट करा, नाहीतर ती कुठेही फॉरवर्ड झाली तर कुणीही आत येतं.

बाबू_रत्नागिरी: लिंकची भानगडच नको, सगळ्यांना सरळ अ‍ॅड करायचं की.

निशिगंध: होतं, पण सगळ्यांचं नाही. ज्यांनी सेटिंगमध्ये फक्त ओळखीच्यांनीच अ‍ॅड करावं असं ठेवलंय आणि तुमचा नंबर सेव्ह नाही, त्यांना नुसतं आमंत्रण जातं, तेही ३ दिवसांत संपतं. काकू ते आठवड्याने उघडतात.

धागाकर्ता: अरे हो, माझा नंबर गेल्या वर्षी बदलला, निम्म्या लोकांकडे जुनाच असणार!

सोनचाफा: आमच्या सोसायटीत पण नवीन ग्रुप काढला, पार्किंगवरून दोन दिवसात भांडणं. अ‍ॅडमिन एकच ठेवू नका.

बाबू_रत्नागिरी: थांबा की थोडं. १२० दिवस वापर नसला की अकाउंट आपोआप डिलीट होतं, मग काका ग्रुपमधून निघतील आणि दुसरा कुणीतरी अ‍ॅडमिन होईल.

निशिगंध: १२० दिवसांचं बरोबर, पण अ‍ॅडमिन कोण होईल ते तुमच्या हातात नाही. आणि तोवर सूनबाई बाहेरच.

धागाकर्ता: काकांचं नाव यादीतून जाणं आत्याला चालणार नाही, तो वेगळाच प्रश्न. आता हे लिहिलंय, बघा:

"आत्या, मामी, सगळ्यांना नमस्कार, मी मधल्या घरचा धाकटा. दादाकाकांचा हा ग्रुप आहे तसाच राहील, कुणी बाहेर पडू नका, जुने फोटो इथेच आहेत. रोजचं बोलणं नव्या ग्रुपवर. माझा नवा नंबर सेव्ह करा, मी रात्री एकेकाला फोन करतो."

निशिगंध: हे चालेल. अ‍ॅडमिन तीन करा, त्यात आत्या पहिली.

धागाकर्ता: आत्याला अ‍ॅडमिन म्हणजे काय तेच माहीत नाही, पण म्हणते मला करच.