मदत हवी आहे: निबंध स्पर्धेच्या सूचनेतले वयोगट आणि शब्दमर्यादा

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या निबंध स्पर्धेची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलंय. विषय 'मी पुन्हा वाचलेलं पुस्तक' असा ठरला. पुस्तकाचा नुसता सारांश नको, दुसऱ्या वाचनात काय वेगळं जाणवलं ते हवं, हे सूचनेतच लिहिणार आहे. नाहीतर निम्मे निबंध सारांशच निघतील.

अडलंय ते वयोगटांवर. कच्च्या मसुद्यात '१० ते १४' आणि '१४ ते १८' असं होतं, म्हणजे १४ वर्षांचं मूल दोन्हीकडे बसतं. आता १० ते १३, १४ ते १७ आणि १८ आणि त्यापुढील वयाचा खुला गट असं केलंय. पण वय कोणत्या तारखेला मोजायचं? सूचना लागताना १३ वर्षांची असलेली मुलगी निबंध देईपर्यंत १४ची होऊ शकते. मला अंतिम तारखेचं पूर्ण झालेलं वय बरं वाटतं. तुम्ही काय धरता?

शब्दमर्यादा ३००, ५०० आणि ८००. हस्तलिखितात शब्द मोजत बसणं परीक्षकांना जमणार नाही. ओळीत साधारण ८ शब्द आणि पानावर २५ ओळी धरल्या तर पानाला २०० होतात, म्हणून लहान गटाला 'दीड पान' सांगावं का? मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्यांवर मात्र अन्याय होईल.

निबंध बंद पाकिटात वाचनालयात किंवा ईमेलने पीडीएफ. नाव फक्त वेगळ्या कागदावर, निबंधावर आम्ही क्रमांक घालू. ईमेलच्या फाइलमध्ये नाव राहून जातं, त्यावर कुणी काय उपाय केलाय?