लग्नासाठी छोट्या हॉटेलात २० खोल्या घेतोय, करारातल्या अटी समजावून सांगाल का?

केतकी_प
नमस्कार. डिसेंबरात धाकट्या भावाचं लग्न आहे, कार्यालय कर्वे रोडला. नागपूर आणि बेळगावहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी डेक्कनजवळच्या एका छोट्या हॉटेलात २० खोल्या, २ रात्री असं ठरवतोय. भाडं खोलीमागे रात्रीला ३,००० रुपये, टॅक्स वेगळा. म्हणजे १ लाख २० हजार. त्यातले ४८ हजार ॲडव्हान्स मागितलेत.

त्यांनी दोन पानी कागद पाठवलाय. त्यात लिहिलंय:
"४५ दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास निम्मा ॲडव्हान्स परत. ४५ ते १५ दिवसांत ॲडव्हान्स परत मिळणार नाही. १५ दिवसांच्या आत पूर्ण रक्कम देय. मिनिमम गॅरंटी ८० टक्के, प्रत्येक रात्री."

चार-पाच कुटुंबांचं यायचं अजून नक्की नाही. खोल्या कमी झाल्या तर ॲडव्हान्स जाणार का? आईबाबांनी पै-पै जमवून हे पैसे बाजूला ठेवलेत, म्हणून सही करायच्या आधी विचारतेय.

सचिन७७
ताई, कुठल्याही ॲपवरून बुक करा. मी मागच्या महिन्यात नाशिकला दोन खोल्या घेतल्या होत्या, आदल्या दिवशी रद्द केल्या, पूर्ण पैसे परत आले. ॲडव्हान्स द्यायचाच कशाला?

केतकी_प
दादा, दोन खोल्यांचं ठीक आहे. एकाच हॉटेलात २० खोल्या हव्यात, त्यासुद्धा लग्नाच्या तिथीला. ॲपवर त्या तारखांना सहाच दिसतायत.

रानवारा
ॲडव्हान्स परत मिळणार नाही असं लिहिलं तरी ते कायद्यात टिकत नाही. करार कायद्याचं कलम ७४ वाचा. ग्राहक आयोगात गेलात तर हॉटेलला सगळे पैसे परत द्यावेच लागतील. बिनधास्त सही करा.

जुना_डेक्कनकर
मी १६ वर्षं पुण्यातल्या छोट्या हॉटेलांचं रिझर्व्हेशन सांभाळलं. म्हणून आधी वरच्या सल्ल्याबद्दल. कलम ७४ चं नाव बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच. कागदावर दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप पूर्ण मिळत नाही. वाजवी भरपाई मिळते आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा. पण तुमच्यासाठी २० खोल्या अडवून ठेवल्या, इतर गिऱ्हाइकं परत पाठवली आणि खोल्या रिकाम्या राहिल्या, तर हॉटेलचं खरंच नुकसान झालेलं असतं. ते त्याला मागता येतं. सगळे पैसे परत मिळतीलच या भरवशावर सही करू नका.

केतकीताई, तुमच्या कागदात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या तीन ओळी अख्खं बुकिंग रद्द करण्याच्या आहेत. खोल्या कमी होण्याबद्दलची ओळ एकच, शेवटची. तुमचा प्रश्न तिच्याशी आहे, आणि ॲडव्हान्सपेक्षा "प्रत्येक रात्री" या दोन शब्दांकडे जास्त लक्ष द्या.

तुमच्या २० खोल्या गुणिले २ रात्री म्हणजे ४० रूम नाईट. ८० टक्के म्हणजे ३२, तेवढ्यांचे पैसे खोल्या भरोत न भरोत द्यायचेच. आता समजा पहिल्या रात्री १४ खोल्या भरल्या, कारण काही जण थेट लग्नाच्या दिवशी येतात. दुसऱ्या रात्री १८ भरल्या. एकूण ३२ झाल्या, गॅरंटी पूर्ण. पण कागद "प्रत्येक रात्री" म्हणतो, म्हणजे रोज किमान १६. पहिल्या रात्री २ कमी पडल्या, तर ६,००० रुपये आणि वर टॅक्स. ७,५०० पर्यंतच्या खोलीला सध्या ५ टक्के, म्हणजे आणखी ३००. पाहुणे तेवढेच, खोल्या तेवढ्याच, तरी ६,३०० जादा. "दोन्ही रात्री मिळून ८० टक्के" असं बदलून घ्या. छोट्या हॉटेलचा मालक हे बहुतेक वेळा मान्य करतो, मागणारेच कमी असतात.

आणखी एक. या कागदात "खोली कमी करणे म्हणजे अंशतः रद्द" अशी ओळ आहे का ते बघा. असेल तर एकाच कमी खोलीसाठी गॅरंटीचे पैसे आणि ॲडव्हान्सची कपात अशी दोनदा वसुली होऊ शकते. असं बिल मी स्वतः तयार होताना पाहिलंय आणि ते थांबवायला मला मालकाशी भांडावं लागलं होतं.

केतकी_प
काका, तशी ओळ आहे! दुसऱ्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरांत. मी ती वाचून सोडून दिली होती. मन:पूर्वक आभार.

औंधची_सुनीता
माझा अनुभव सांगते. मुलीच्या लग्नात १२ खोल्या धरल्या होत्या. आमच्या दोन भाच्यांनी त्याच हॉटेलात ॲपवरून परस्पर खोल्या घेतल्या, २०० रुपये स्वस्त दिसल्या म्हणून. माणसं आमचीच, राहिलीही तिथेच, पण हॉटेलने त्या खोल्या आमच्या हिशोबात धरल्या नाहीत आणि कमी पडलेल्या दोन खोल्यांचे पैसे घेतले. लग्नघरात वाद नको म्हणून यजमानांनी दिले.

जुना_डेक्कनकर
सुनीताताई, हे फार वेळा होतं. ॲपवरच्या खोलीवर हॉटेलला कमिशन द्यावं लागतं, म्हणून ते ती तुमच्या गटात धरायला तयार नसतात. तरीही "याच लग्नाचे पाहुणे कुठूनही बुक करोत, नावं यादीत असतील तर मोजायचे" असं आधी लिहून घेता येतं. नाहीच मानलं तर सगळ्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर स्पष्ट कळवा की परस्पर बुकिंग करू नका.

केतकीताई, नावांची यादी किती दिवस आधी द्यायची आहे?

केतकी_प
१५ दिवस आधी. पण ती तारीख उलटली तर काय, हे लिहिलेलं नाही.

जुना_डेक्कनकर
मग ते विचाराच. काही हॉटेलं त्या तारखेनंतर नाव नसलेल्या खोल्या सोडून देतात आणि तुमचा भारही उतरतो. काही जण खोली सोडतात, दुसऱ्याला विकतात, आणि पैसे तुमच्याकडूनही मागतात. म्हणून एक ओळ हवीच: आम्ही सोडलेली खोली दुसऱ्याला विकली गेली, तर तिचे पैसे आमच्या देण्यातून वजा. डिसेंबरच्या तिथीला डेक्कनला खोली रिकामी राहणं अवघड असतं, त्यामुळे ही ओळ तुमच्या कामाची आहे. आडदिवशी तिचा फारसा उपयोग झाला नसता.

रानवारा
पण विकली गेली की नाही हे गिऱ्हाइकाला कळणार कसं?

जुना_डेक्कनकर
त्या रात्री हॉटेल पूर्ण भरलं होतं का, एवढं लेखी मागता येतं. पूर्ण भरलेलं असेल तर तुमची खोली रिकामी नव्हती. अर्धवट भरलेलं असेल तर मात्र वाद राहतो. आधी त्यांच्या स्वतःच्या खोल्या विकल्या की तुमच्या, हे कुणी सिद्ध करू शकत नाही.

केतकी_प
आत्ताच मॅनेजरांशी बोलले. दोन्ही रात्री मिळून ८० टक्के मान्य. "अंशतः रद्द" ची ओळ काढतो म्हणाले. विकलेल्या खोलीचं मात्र "तेव्हा बघू, आपण घरचेच" असं उत्तर आलं. आणि लग्नाची तारीखच पुढे गेली तर ते रद्द धरणार की बदल, यावर मालकांना विचारून सांगतो म्हणाले.

जुना_डेक्कनकर
फोनवरचं मान्य झालेलं आजच ईमेलवर टाका. "आज बोलल्याप्रमाणे" अशी सुरुवात करा, मुद्दे लिहा आणि "मान्य" एवढं उत्तर मागा. ते उत्तर येईपर्यंत ४८ हजार पाठवू नका.

केतकी_प
पाठवली. शेवटचं वाक्य असं लिहिलंय: "सोडलेल्या खोल्या त्या रात्री दुसऱ्या पाहुण्यांना दिल्या गेल्यास त्यांचं भाडं आमच्या देय रकमेतून वजा करावं, आणि तारीख एकदा बदलल्यास ते रद्द समजू नये." उत्तर आलं की इथे कळवते.