मदत हवी आहे: हिरवी साडी, राणी काठ, ब्लाउज कोणत्या रंगाचा?

सायली_लिहिते:
साडी बाटली हिरवी आहे, रेशमी. काठ राणी रंगाचा, साधारण तीन बोटं रुंद, आणि काठ व अंग यांच्यामध्ये जरीची बारीक रेघ. अंगावर मोहरी रंगाच्या छोट्या बुट्ट्या. सोबतचा ब्लाउजपीस हिरवाच होता. मला काठाला उठाव देणारा काँट्रास्ट हवा होता म्हणून कुंकवासारखा लाल ब्लाउज शिवून घेतला. काल नेसून आरशासमोर उभी राहिले तर काठ मळका दिसतोय आणि ब्लाउज भडक. दोन्ही रंग वेगळे वाटतात तेव्हा मला आवडतात, एकत्र आले की डोळ्यांना टोचतात. चुकलं कुठे? आणि आता कोणता रंग घेऊ?

मोगरा७:
काळा घ्या. माझ्याकडे एक काळा ब्लाउज आहे, तो मी दहा साड्यांवर घालते. डोक्याला ताप नाही.

रंगवेडा:
रंगचक्र बघा. गुलाबीच्या समोर हिरवा येतो, म्हणजे राणी काठाला पोपटी ब्लाउज हा पक्का काँट्रास्ट. समोरासमोरचे रंग कधीच चुकत नाहीत.

सायली_लिहिते:
पोपटी? साडी आधीच हिरवी आहे. दोन हिरवे आणि मध्ये राणी... मला तर ऐकूनच धसका बसला.

सुईदोरा:
वीसेक वर्षं ब्लाउज शिवते आहे, त्यामुळे थोडं लांबलचक लिहिते.

आधी एक बघा. पदर उजव्या कमरेकडून छातीवरून डाव्या खांद्यावर जातो, म्हणजे वरचा काठ थेट ब्लाउजला खेटून चालतो. साडीचं अंग त्याच्या पलीकडे राहतं. बायका दुकानात ब्लाउजचा रंग साडीच्या अंगावर धरून पाहतात, आणि नेसल्यावर तो भेटतो काठाला. तुमचंही तेच झालंय.

आता लाल का टोचला. राणी रंगात निळसर झाक असते, कुंकवाच्या लालात केशरी. दोघे एकाच घराण्यातले, पण स्वभाव उलटे. त्यात दोन्ही सारखेच गडद आणि सारखेच तेज. असे रंग शेजारी आले की दोघांमधली कड नीट ठरत नाही, डोळा इकडून तिकडे उड्या मारतो, आणि जो जास्त तेज तो दुसऱ्याला मळकट करतो. ‘मॅचिंग करायला गेली आणि जमलं नाही’ असं दिसतं ते याचमुळे.

मोबाइलवर साडी नेसलेला फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. काठ आणि ब्लाउज एकाच करड्या रंगाचे दिसले तर अडचण तिथेच आहे. हा अंदाज आहे हं, कॅमेरा तांबड्या-गुलाबी रंगांना कधी कधी फसवतो.

रंगवेडा, चक्राचं तुमचं अर्धं बरोबर. समोरचा रंग उठाव देतो, पण तोही तितकाच तेज असेल तर भांडण पेटतं. एक गडद, एक फिकट असं अंतर ठेवलं तर समोरासमोरचे रंगही छान नांदतात. राणीवर फिकट शेवाळी मी खपवून घेईन, पोपटी नाही. आणि इथे अंगच हिरवं, म्हणजे तो समोरचा रंग साडीने आधीच वापरला आहे.

रंगवेडा:
हे अंतराचं लक्षात नव्हतं आलं. मी सपाट रंगांचाच विचार करत होतो.

सायली_लिहिते:
फोटो केला! काठ आणि ब्लाउज अक्षरशः एक झाले, जरीची रेघ नसती तर काठ कुठे सुरू होतो कळलं नसतं. मग जांभळा कसा वाटतो? गडद आहे.

सुईदोरा:
गर्द वांगी असेल तर चालेल, तोही निळ्याच बाजूचा. पण थांबा, साडी घडीत काळपट आणि उजेडात हिरवी दिसते का? तसं असेल तर टोकाचा एक धागा ओढून पाहा, कमरेत खोचतो त्या टोकाचा. लांबीचे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, असं असू शकतं.

निशिगंधा:
मला वाटतं गोल गळा आणि कोपरापर्यंत बाही छान दिसेल, मागे गोंडे.

सायली_लिहिते:
निशिगंधा, शिवणीचं नंतर विचारते, आधी रंग तरी ठरू दे! 🙂

सुईदोरा ताई, धागा ओढला. लांबीचे हिरवे आहेत आणि आडवे चक्क गर्द निळे! इतके दिवस कपाटात आहे, मला माहीतच नव्हतं.

सुईदोरा:
मग धूपछाव आहे तुमची. आता सोपं झालं. दोनच रंग बघा: तो गर्द निळा, नाहीतर बुट्ट्यांतला मोहरी. दोन्ही साडीत आधीच आहेत, त्यामुळे परके वाटत नाहीत. निळा काठापेक्षा गडद, मोहरी काठापेक्षा फिकट, म्हणजे काठ दोन्हीकडे स्वच्छ दिसेल. निळ्यात काठ पुढे येतो आणि ब्लाउज मागे राहतो. मोहरीत ब्लाउजच आधी दिसतो, जरी मात्र खुलते. मोहरी घेतलात तर जरीपेक्षा एक छटा मंद घ्या. जरीच्या अगदी जवळ जाऊन तिला न गाठणारा पिवळा घेतला की जरी पितळी वाटते.

दुकानात जाताना खोचायच्या टोकाची काठासकट बोटभर पट्टी कापून न्या. कापडाचा निदान हातभर भाग उलगडायला सांगा, पट्टी त्यावर ठेवा आणि सहा-सात फूट मागे जाऊन बघा. हातात धरून दोन चिंध्या जुळवल्या की सगळंच छान वाटतं. आणि दारात जा, दिव्याखाली ठरवू नका.

मोगरा७:
पण काळ्यालाही काठ उठतोच की!

सुईदोरा:
उठतो, खोटं का बोलू. पण या साडीतला निळा काळ्याशेजारी मरतो, तेवढंच.

सायली_लिहिते:
जाऊन आले. मोहरीचे तीन तागे काढले. आत सोनेरी दिसलेला एक दाराशी चक्क शेवाळी निघाला, म्हणजे दिव्यानेच फसवलं होतं. उरलेल्या दोघांतला एक जरीला भिडत होता, दुसरा चांगला होता. आईने तोच धरून ठेवला. मी निळा घेतला, कच्च्या रेशमाचा. जरा खरबरीत आहे, साडीसारखा चमकत नाही. पट्टी ठेवून मागे गेले तर काठ एकदम ताजा दिसला, तोच राणी रंग जो परवा मळका वाटत होता!

आता बाहीला काठ लावायचा का? सोबतच्या हिरव्या ब्लाउजपीसला राणी काठ आहे, तो काढून लावता येईल.

सुईदोरा:
मी लावीन, पण अख्खा तीन बोटं नाही, एक बोट आणि जरीची रेघ. अख्खा लावला तर तुमच्या दंडावर राणीचा जाड पट्टा बसेल आणि नजर तिथेच अडकेल.

निशिगंधा:
मी तर अख्खाच लावते नेहमी. अर्धा काठ कापायला जीव होत नाही.

सायली_लिहिते:
आईही तेच म्हणतेय. शिंप्याकडे देताना काठ सोबत नेते, टाचणीने लावून दोन्ही बघते. आणि तो लाल ब्लाउज कोणत्या साडीवर जाईल, त्यासाठी बहुतेक नवा धागा काढावा लागणार.