मदत हवी आहे: दोन फॉर्म सोळा, दोन्हीत 75,000 वजा, पण पोर्टल एकदाच धरून राहिलं

गडचांदूरचा_पोट्टा

राम राम मंडळी. पहिल्यांदाच रिटर्न भरून राहिलो, त्यामुळे प्रश्न येडा वाटला तं सांभाळून घ्या. आर्थिक वर्ष 2024-25 चं आहे. एप्रिल ते सप्टेंबर पुण्यात नोकरी होती, महिना 54,000, म्हणजे सहा महिन्याचे 3,24,000. मग ऑक्टोबरपासून इकडं घराजवळच्या प्लांटमध्ये लागलो, 77,000 महिना, त्याचे 4,62,000. दोघांनी फॉर्म सोळा देले. पहिल्यात स्टॅण्डर्ड डिडक्शन 75,000 वजा करून 2,49,000 करपात्र लिहिलंय, दुसऱ्यात बी 75,000 वजा करून 3,87,000. बेरीज 6,36,000. सात लाखाच्या आत, म्हणजे टॅक्स शून्य, असं समजून मी निवांत होतो. दोघांपैकी कोणीच टीडीएस कापला नाही.

काल रात्री पोर्टलवर आयटीआर-1 उघडला तं तिथं 7,11,000 दिसून राहिले अन् खाली टॅक्स बी लागला. माझे 75,000 गेले कुठं? पोर्टलची चूक हाय का? आमचे बाबा म्हणे, सरकारी कागदावर दोनदा लिहिलंय तं दोनदा भेटलंच पाहिजे. अजून एक, दोन्हीकडं मी फक्त सहा-सहा महिने होतो, तर 75,000 पण अर्धेच धरायचे का?

तुरीची_दाळ

पोर्टल काही चुकलं नाही भाऊ. स्टॅण्डर्ड डिडक्शन माणसामागं वर्षाला एकदाच भेटते, नोकरीमागं नाही. अन् महिने मोजून कमी पण होत नाही, एक महिना नोकरी केली तरी पूर्ण 75,000, फक्त पगार त्याहून कमी असला तं पगाराएवढंच. पहिल्या कंपनीला दुसरीचं माहीत नव्हतं अन् दुसरीला पहिलीचं, म्हणून दोघांनी आपापल्या परीनं वजा केले. हिशोब दोघांचाही बरोबर, बेरीज मात्र चुकीची. फॉर्म सोळाच्या खालच्या ओळीतलं करपात्र उत्पन्न कधी बेरीज करू नको, वरची पगाराची एकूण रक्कम बेरीज कर, मग एकदाच वजा कर.

यवतमाळ_सेतू

तुरीची दाळ बरोबर सांगून राहिले पण टॅक्स वाचवता येते. एलआयसी, पीएफ मिळून दीड लाख 80सी मध्ये टाक, अन् व्यवसाय कर 2,500 वजा कर, आपोआप सात लाखाच्या आत येशील. आमच्याकडं सगळे असेच भरतात.

तुरीची_दाळ

भाऊ तसं नका सांगू. पोट्ट्याचं रिटर्न नवीन करपद्धतीत हाय, तिथं 80सी नाही, व्यवसाय कर बी वजा होत नाही, घरभाड्याची सूटही नाही. त्या सगळ्या जुन्या पद्धतीच्या गोष्टी, अन् तिथं स्टॅण्डर्ड डिडक्शन 75,000 नाही, 50,000 आहे, शून्य टॅक्सची हद्दही सात नाही, पाच लाख. पोट्ट्याचा जुना हिशोब लावून पाहा: 7,86,000 मधून 50,000 गेले, व्यवसाय कर गेला, 80सी चे पुरे दीड लाख धरले तरी 5,83,500 उरतात. पाच लाखाच्या वर, म्हणजे सेसआधीच 29,200 टॅक्स. पुण्यात भाडं किती देत होता रे?

गडचांदूरचा_पोट्टा

तिघं मिळून राहत होतो, माझ्या वाट्याचे 4,500. पावत्या नाहीत. बेसिक 27,000 होतं.

तुरीची_दाळ

मग पावत्या असत्या तरी दहा-अकरा हजारांचीच सूट, कारण भाड्यातून बेसिकच्या दहा टक्के वजा होतात. जुनी पद्धत सोडून दे.

वर्धेची_काकू

मध्येच विचारते, माफ करा. आमचे हे गेल्यावर मला फॅमिली पेन्शन मिळते, मग मलाही 75,000 मिळतील ना? बँकेतल्या मुलाने हो सांगितलं.

तुरीची_दाळ

नाही काकू. ज्याची स्वतःची पेन्शन त्याला पगारासारखी 75,000. फॅमिली पेन्शनमध्ये एक तृतीयांश किंवा 25,000, यातलं जे कमी ते. ही रक्कम पगारात नाही, इतर उत्पन्नात दाखवायची. जुनी पद्धत घेतली तर 25,000 ऐवजी 15,000.

पोट्ट्या, आता तुझं. बचत खात्याचं व्याज किती हाय?

गडचांदूरचा_पोट्टा

2,140. तेही धरायचं काय? पोर्टलवर तं आलंय, पण पगार वाटतो तसा बँकेत जमा झालाच नाही, पीएफ कापून 48,000 यायचे. मला वाटलं जमा झालेलेच धरायचे.

तुरीची_दाळ

जमा नाही धरायचं. तुझ्या पगारातून कापलेला पीएफ हा तुझाच पगार, तो एकूण रकमेत असतोच. कंपनीनं आपल्या बाजूनं भरलेला पीएफ मात्र या एकूण पगारात येत नाही. म्हणून एकूण पगार = 7,86,000. त्यातून 75,000 वजा, 7,11,000. व्याज 2,140 जोड, 7,13,140. नव्या पद्धतीत या व्याजाला सूट नाही.

आता गंमत पाहा. 2024-25 च्या दरानं तीन लाखाच्या वर सातपर्यंत पाच टक्के, म्हणजे 20,000, अन् वरच्या 13,140 वर दहा टक्के, 1,314. एकूण 21,314 झाले. पण सात लाखाच्या वर तू फक्त 13,140 गेला, तेवढ्यासाठी 21,314 घेणं बरोबर नाही, म्हणून मार्जिनल रिलीफ असते. टॅक्स 13,140 वरच थांबते. त्यावर चार टक्के सेस, मिळून 13,670. पोर्टल हेच दाखवते का पाहा, मार्जिनल रिलीफ ते आपोआप लावते.

गडचांदूरचा_पोट्टा

हो राजेहो, अगदी हेच! पण त्याच्या वर व्याजाचे अजून बाराशेच्या आसपास दिसून राहिले.

तुरीची_दाळ

ते भरावं लागेल. टीडीएस कापला नाही अन् दहा हजारापेक्षा जास्त बाकी निघाली, म्हणजे आगाऊ कर भरायला पाहिजे होता. दुसरीकडं रुजू होताना फॉर्म 12बी मध्ये पहिल्या पगाराचा आकडा देला असता तं त्यांनीच कापून भरला असता. आता पोर्टलवर e-Pay Tax मधून भर, Assessment Year, म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष, 2025-26 निवड अन् प्रकारात Self Assessment Tax (300). वर्ष 2024-25 निवडलं की चलान भलत्याच वर्षाला जातं, हे दर वर्षी पाहतो मी. मग चलानाचा नंबर रिटर्नमध्ये टाकून सबमिट, अन् तीस दिवसात ई-व्हेरिफाय.

गडचांदूरचा_पोट्टा

समजलं दादा, आभारी. एक राहूनच गेलं. पुण्याची कंपनी सोडली तवा पंधरा दिवसांची नोटीस कमी पडली म्हणून शेवटच्या हिशोबात 27,000 कापून घेतले. फॉर्म सोळात मात्र पूर्ण 3,24,000. हे 27,000 वजा केले तं मी सात लाखाच्या आत जातो, टॅक्सच नाही.

तुरीची_दाळ

इथंच खरा पेच हाय. अपिलात लोकांच्या बाजूनं निकाल झालेत, की जो पगार हाती आलाच नाही तो धरू नये. पण फॉर्म सोळाशी आकडा जुळला नाही की विभाग विचारणा करते, अन् तुझ्याकडं त्या कंपनीचं सेटलमेंटचं पत्र पाहिजे. मी स्वतः असं कोणाचं भरलं नाही.

नागपूर_जमाखर्च

मी एकाचं भरलं होतं, 2022 मध्ये. नोटीस आली, पत्र जोडून उत्तर देलं, पुढं काहीच आलं नाही. मान्य झालं की पडून आहे, देव जाणे. आधी त्या कंपनीला सुधारून फॉर्म सोळा मागून पाहा.

गडचांदूरचा_पोट्टा

मेल टाकलाय. उत्तर आलं की इथंच लिहितो.