टेपर लॉक बुश की चावीची पुली: टॉर्क नेमका कशावर टिकतो?

प्रश्न (जळगाव, डाळमिल): रोलरच्या ५० मिलिमीटर शाफ्टवरची पुली २५१७ टेपर लॉक बुशवर आहे. मोटर १५ किलोवॅटची, रोलर मिनिटाला ३०० फेऱ्यांचा. तीन महिन्यांत पुली दोनदा घसरली. बुश काढून चावीची पुली बसवावी का?

धुळ्याचे लेथवाले: अवश्य बसवावी. बुश म्हणजे केवळ घर्षणाची पकड. चावी मात्र लोखंडाची असते, ती तुटल्याशिवाय पुली फिरणार नाही.

भुसावळचे देखभाल अभियंता: इतके सरळ नाही. 9550 × 15 ÷ 300 केल्यास रोलरवर सुमारे ४७८ न्यूटन-मीटर टॉर्क येतो. १४६० फेऱ्यांच्या मोटरवर तोच ९८ असतो, म्हणून मोटरकडच्या बुशवरून रोलरकडचा बुश ठरवू नये. शाफ्टच्या पृष्ठभागावर हा जोर सुमारे १९,००० न्यूटन होतो. १४ × ९ च्या चावीला ४५ मिलिमीटर लांबीच्या हबमध्ये जेमतेम १८० चौरस मिलिमीटर टेकायला मिळतात. म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर १०० न्यूटनहून अधिक दाब, आणि सुरू होताना याच्या दुप्पटही. बिडाच्या हबमध्ये चावी तुटण्याआधी खाचेची कड चेपते, आणि एकदा ढिलाई आली की प्रत्येक स्टार्टला ती हातोड्यासारखी बसते. चावीची पुली बसवायचीच असेल, तर हब लांब आणि बोअर घट्ट हवा.

बुशची पकड स्क्रूच्या ताकदीवर नव्हे, तर स्क्रू बुशला उतारात किती ओढतात आणि चिरलेला बुश शाफ्टला किती आवळतो, यावर ठरते. २५१७ च्या स्क्रूंना ५० न्यूटन-मीटरच्या आसपास ताण लागतो. बोअर, उतार आणि शाफ्ट तेलमुक्त पुसावेत, स्क्रू आलटूनपालटून आवळावेत, बुशच्या रुंद तोंडावर ठोकळा ठेवून ठोकावे आणि पुन्हा आवळावे. अर्धा-एक तास भारावर चालवून परत तपासावे. ठोकल्यावर स्क्रू बहुधा आणखी फिरतो. जे ठोकत नाहीत, त्यांची पकड तिथेच कमी पडते.

चोपड्याचे शेतकरी: आमच्या पंपाचीही पुली पावसाळ्यात घसरते, चुर्रकन आवाज येतो. बुशच बदलावा का?

भुसावळचे देखभाल अभियंता: आवाज पट्ट्याचा दिसतो. शाफ्ट व पुली यांच्यावर खडूची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटली तरच पुली सरकली समजा.

जळगाव, डाळमिल: बुश उघडला. चावीचा माथा चकाकतो आहे, आणि फिटरने साध्या ॲलन कीने हातानेच आवळले होते.

भुसावळचे देखभाल अभियंता: चकाकी म्हणजे चावी वर टेकत होती, म्हणून बुश पुरता आवळलाच गेला नाही. बुशमध्येही चावी ठेवा, पण तिच्या माथ्यावर फट हवी.

धुळ्याचे लेथवाले: हे मान्य, पण डाळीत खडा येऊन रोलर अडकला तर मला तरी चावीचाच भरवसा वाटतो.