मदत हवी आहे: बाळाच्या जागरणाचा 60 सेकंदांचा व्हिडिओ, शेवट चिकटवल्यासारखा वाटतोय

अर्धीझोप: फोनवर उभा व्हिडिओ करायचाय. पात्रं दोनच, बाबा आणि तीन आठवड्यांचं बाळ. बाबा बाळाला झोपवून पाळण्यात ठेवतो, बाळ उठतं. घड्याळात 1:10, मग 2:40, मग 4:05. शेवटी बाबा सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन झोपलाय, खिडकीत पहाट, मागे पियानो. विनोदाचा भाग जमलाय, पण शेवट दुसऱ्याच व्हिडिओतून आणल्यासारखा वाटतो. काय करू?

भिंगवाला: शेवट स्लो मोशनमध्ये घ्या, 120 फ्रेम्स. बाळ डोळे उघडून बाबाकडे बघून हसतं, तिथे थांबा. काम फत्ते.

निवांत: बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळा, हात आत. मग ठेवताना दचकत नाही.

अर्धीझोप: निवांत, बाळ झोपलं तर माझा व्हिडिओच संपेल :) प्रश्न शेवटाचा आहे.

कातरकाम: निवांत यांनी नकळत नेमक्या जागी बोट ठेवलंय. खाली ठेवताना डोकं मागे पडल्यासारखं होतं, तेव्हा बाळ दोन्ही हात फाकवतं आणि जागं होतं. तुमचा सगळा विनोद या एका क्षणावर उभा आहे. म्हणून तुमच्या बाळाचे हात दुपट्याबाहेरच हवेत.

शेवट उपरा वाटतो कारण चाळीस सेकंद आपण 'ठेवता येईल का?' हे बघतो आणि शेवट त्याचं उत्तरच देत नाही. चौथ्यांदाही तीच कृती हवी, निकाल वेगळा.

पहिल्या खेपेला 18 सेकंद द्या. बाबा वाकतो, आधी बाळाचं बूड टेकवतो, मग डोकं, मग हात काढून घेतो. हा क्रम प्रेक्षकाला पाठ झाला पाहिजे. हात फाकतात, रडणं. दुसरी खेप 12 सेकंदांची. आता प्रेक्षक त्या हातांचीच वाट बघतो, म्हणून हात फाकण्याआधी बाबाचा श्वास रोखलेला चेहरा जरा जास्तच धरून ठेवा. तिसरी फक्त 5 सेकंद: रिकामं दार, आतून रडणं, बाबा फ्रेममधून उलटा आत जातो. लांबी घटत गेली नाही तर तिसऱ्या वेळी कंटाळा येतो.

उरलेले 25 सेकंद चौथ्या खेपेचे, घड्याळात 5:20. हात फाकत नाहीत. बाबा एकेक बोट सोडवतो आणि शेवटचं बोट बाळाच्या मुठीत अडकतं. ते सहज सुटेल, तो अर्धं ओढतोही. मग दाराकडे बघतो आणि तिथेच जमिनीवर बसतो. रात्रभर सुटका हवी होती, आता सुटता येत असताना तो जात नाही. पियानो नको, खोलीतला आवाज पुरे.

सोफ्यावरचा शेवट मात्र काढाच. मोठं माणूस सोफ्यावर बाळासह झोपलं तर बाळ गुदमरण्याचा धोका खरा आहे, आणि तुम्ही तो गोड म्हणून दाखवताय. पाळण्यातही बाळ पाठीवर, उशी-दुलई काही नको.

भिंगवाला: आणि हसण्याचं?

कातरकाम: तीन आठवड्यांचं बाळ झोपेत हसतं, पण कुणाकडे बघून हसायला साधारण सहा आठवडे लागतात. आयांना ही चूक पहिल्या नजरेत कळेल. स्लो मोशनचा विचार वाईट नाही, पण 120 फ्रेम्सना शटर निदान 1/120 ठेवावं लागतं, एका दिव्याच्या खोलीत चित्र दाणेदार होतं. शिवाय वीज 50 हर्ट्झची असेल तर काही बल्बखाली पट्टे लुकलुकतात. साध्या वेगाने, 1/50 वर घ्या. अंधारात शूट करू नका. एक दिवा लावून एक्स्पोजर खाली ओढा, रात्र वाटते.

अर्धीझोप: बाळाऐवजी टॉवेलची गुंडाळी वापरणार होतो. मग हात फाकणं आणि मूठ कशी?

कातरकाम: बाबाची पाठ आणि चेहरा असेल तिथे टॉवेलच. हातांसाठी मुद्दाम दचकवू नका. रोज बाळाला ठेवता तेव्हा दोन-तीन दिवस फोन स्टँडवर चालू ठेवा, एकदा तरी मिळेल. तो एकच शॉट दोन्ही खेपांना चालेल, दुसऱ्यांदा आरशात दिसतो तसा डावा-उजवा उलटवून लावा. रडण्याचा आवाजही असाच वेगळा रेकॉर्ड करा. मूठ बाळ जागं आणि शांत असताना घ्या, फ्रेममध्ये फक्त हात. बोट करंगळीच्या बाजूने तळव्यात सरकवलं की ते आपोआप पकडतं. गाढ झोपेत ही पकड सैल पडते, तेव्हा प्रयत्न केलात तर तासभर बसाल.

ताईगिरी: एक विचारू? या सगळ्या रात्रीत आई कुठे आहे? तीन आठवड्यांच्या बाळाला दर दोन-तीन तासांनी दूध लागतं. बाबा एकटाच दिसला तर खालच्या सगळ्या प्रतिक्रिया तेच विचारतील.

अर्धीझोप: तिसऱ्या खेपेत दारातून आईचा फक्त हात येऊन बाळ घेतो, असं करू का?

कातरकाम: पाच सेकंदांत हात घुसला तर उलटं चालण्याची गंमत जाईल. पहिल्याच फ्रेममध्ये पाळण्याजवळ दुधाची बाटली ठेवली तरी भागेल.

ताईगिरी: बाटलीने दुधाचा प्रश्न सुटला, आईचा नाही. मला अजून पटलेलं नाही.