मदत हवी आहे: जुन्या केसपेपरवरच्या अभ्यासासाठी एथिक्स कमिटीकडे संमतीची सूट कशी मागायची?

रातपाळी_नागपूर

नमस्कार मंडळी. मी नागपुरातल्या एका मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागात रेसिडेंट आहे. थीसिस नाही, गाइड मॅडमसोबतचा वेगळा अभ्यास आहे. 2019 ते 2023 या काळात आमच्याकडे बाळंत झालेल्या सिकलसेलच्या (फक्त एसएस, वाहक नाही) बायकांच्या फायली एमआरडीतून काढायच्या आणि रक्त किती वेळा चढवावं लागलं, क्रायसिस कोणत्या महिन्यात आला, बाळाचं वजन किती भरलं हे नोंदवायचं. फायली दीडशेच्या आसपास निघतील.

प्रपोजलमध्ये आम्ही लिहिलं होतं, "अभ्यास रेट्रोस्पेक्टिव्ह असल्याने संमतीची आवश्यकता नाही." कमिटीने परत पाठवलं. शेरा असा: "सूट मागण्याचे कारण अपुरे. मुद्दा 8 पाहता रुग्णांशी संपर्क शक्य दिसतो." मुद्दा 8 म्हणजे बाळाची तब्येत आता कशी आहे हे फोन करून विचारणे. आता काय लिहू? कमिटीची पुढची बैठक जवळ आली आहे.

डॉ_खामला

अहो, एवढा त्रास कशाला? फाइल रिव्ह्यू म्हणजे एक्झेम्प्ट. पेशंटला हात लावत नाही, सुई टोचत नाही. कमिटीला नुसतं कळवायचं असतं. आमच्या वेळी तेही नव्हतं.

माजी_सचिव

सर, धोका कमी आहे हे तुमचं बरोबर. एक्झेम्प्ट मात्र नाही. आयसीएमआरच्या 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती वाट मुख्यतः आधीच सार्वजनिक असलेल्या माहितीसाठी वगैरे आहे. इथे ही ताई नाव, गाव, फोन नंबर असलेली फाइल उघडून बसणार. असे अभ्यास बहुधा एक्सपिडायटेड रिव्ह्यूला जातात, आणि कोणत्या वाटेने जायचं तेही कमिटीच ठरवते. संमतीची सूट त्या अर्जातच मागायची असते, कारणासह.

आता ताई तुमचं. "रेट्रोस्पेक्टिव्ह आहे" हे कारण नाही, ते अभ्यासाचं वर्णन झालं. कमिटीला दोन गोष्टी कळायला हव्यात: संमती घ्यायला गेलो तर हा अभ्यास नीट का होणार नाही, आणि सूट दिली तर बाईचं नुकसान का होणार नाही. तुमच्या अर्जात दोन्ही नव्हत्या, वर मुद्दा 8. एकीकडे म्हणता संमती घेणं शक्य नाही, दुसरीकडे त्याच बाईला फोन लावणार. फोन लागतो तर संमती का विचारत नाही, हा प्रश्न मीही टाकला असता.

एक सांगा, केसपेपरवर नंबर कोणाचे आहेत?

रातपाळी_नागपूर

सर, आज बऱ्याच फायलींचे पहिले पान पाहिले. थोड्यांवर नवऱ्याचा, काहींवर दिराचा, आणि गडचिरोली, बालाघाटकडून रेफर होऊन आलेल्यांवर बहुतेक आशाताईचा. बाईचा स्वतःचा क्वचित.

माजी_सचिव

हेच तुमचं कारण आहे, आणि ते तुमच्याच एमआरडीत पडलं होतं. दिराला फोन करून "तुमच्या वहिनीच्या सिकलसेलबद्दल बोलायचं आहे" म्हणालात, तर ज्या घरात ते माहीत नाही तिथे तुम्हीच सांगून मोकळ्या झालात. आपल्याकडे यावरून सोयरिकी मोडतात. म्हणजे संमतीसाठी संपर्क करणं हाच या अभ्यासातला सगळ्यात मोठा धोका. शिवाय ज्यांचा नंबर लागेल त्या बहुतेक जवळपासच्या आणि बऱ्या असलेल्या. लांबच्या, दगावलेल्या, कामासाठी परगावी गेलेल्या सगळ्या गळतील, आणि रक्त जास्त लागलेल्या त्यातच असायच्या. निष्कर्ष एका बाजूला झुकेल. असं काहीतरी लिहा:

"नोंदींतील बहुतांश दूरध्वनी क्रमांक नातेवाईक अथवा आशा कार्यकर्तीचे आहेत. त्यावर संपर्क केल्यास रुग्णाचे निदान तिसऱ्या व्यक्तीस कळण्याची शक्यता आहे. केवळ संपर्क होणाऱ्या रुग्णांचा समावेश केल्यास गंभीर रुग्ण वगळले जाऊन निष्कर्ष सदोष होतील. अभ्यासासाठी रुग्णांशी कोणताही संपर्क केला जाणार नाही."

शेवटचं वाक्य लिहायचं तर मुद्दा 8 काढावाच लागेल. बाळांची माहिती हवीच असेल तर तो वेगळा अभ्यास, वेगळा अर्ज, आणि तिथे संमती घ्यायचीच.

फिजिओ_धरमपेठ

माझंही असंच अडकलंय. एका पेशंटची केस रिपोर्ट लिहिली, फोटोसकट, आणि जर्नल संमतीपत्र मागतंय. मी पण ही सूट मागू का?

माजी_सचिव

नाही हो, तुमचा मामला वेगळा. एकच पेशंट, तोही तुमच्या ओळखीचा, वर फोटो. त्याला बोलवा आणि सही घ्या.

बाररूम

मी एका कमिटीवर कायद्याच्या बाजूने बसते. दाखल होताना रुग्णाने सही केलेली असते ना, मग सूट तरी कशाला, असं मॅडम म्हणतील म्हणून आधीच सांगते: ती सही उपचारांसाठी असते. त्या फॉर्मवर नोंदी संशोधनासाठी वापरण्याबद्दल स्पष्ट काही छापलेलं असेल तरच तो मुद्दा मांडा, आणि फॉर्मची प्रत जोडा.

मी आणखी एक पाहते, ती तुमची एक्सेल शीट. रिकामी शीट अर्जाला जोडा. नाव काढलं की झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण गाव, जमात, वय 19 आणि बाळंतपणाची तारीख चार रकान्यांत आली, तर त्या तालुक्यातली कोणतीही नर्स सांगेल ही कोण ते. गावाऐवजी जिल्हा घ्या, तारखेऐवजी वर्ष, वयाचे गट करा. जमातीचा रकाना कोणत्या प्रश्नासाठी हवा ते सांगता येत नसेल तर तो नकोच.

रातपाळी_नागपूर

मॅडम, एमआरडी नंबर ठेवला तर? नंतर एखादा आकडा चुकीचा वाटला तर परत फाइल कशी शोधायची?

बाररूम

ठेवा, पण त्या शीटमध्ये नको. शीटवर 001, 002 असे क्रमांक, आणि कोणता क्रमांक कोणत्या फाइलचा ही यादी वेगळी, फक्त गाइडकडे. ती यादी असेपर्यंत माहिती कोडेड असते, निनावी नाही. बरेच जण अर्जात सरळ "निनावी" लिहितात आणि तिथेच शेरा येतो. यादी कधी नष्ट करणार तेही लिहा.

डॉ_खामला

मान्य, एक्झेम्प्टचं मी घाईत बोललो. पण मंजुरी येईपर्यंत माहिती भरायला तर सुरुवात करू शकते ना? फायली कुठे पळून जाणार?

माजी_सचिव

नको सर. मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही, आणि जर्नलवाले मंजुरीची तारीख विचारतात. रकाने ठरवण्यासाठी कोऱ्या केसपेपरचा नमुना पुरतो. आणि ताई, वैद्यकीय अधीक्षकांचं एमआरडी उघडण्याचं परवानगीपत्र सोबत लावा, कमिटीची मंजुरी म्हणजे ते नव्हे.

रातपाळी_नागपूर

खूप आभार. मुद्दा 8 काढतेय, मॅडम जरा नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, बाळं आमच्याच बालरोग ओपीडीत येत असतील तर तिथल्या फायली पाहू, फोन नको. पण बाळाची फाइल वेगळी, त्यावर बापाचं नाव. आईच्या फाइलला ती जोडायची तर नाव-पत्त्यावरूनच जोडावी लागेल. हे याच सुटीत बसतं का?

माजी_सचिव

संपर्क नाही, त्यामुळे मागता येईल. पण बाळांच्या नोंदी वापरणार हे अर्जात स्वतंत्र लिहा, आणि जोडणी कोण करणार तेही. माझ्या मते एकट्या गाइडने करावी.

बाररूम

मी असते तर यावर फुल कमिटीत चर्चा मागितली असती. आई आणि मूल दोघांचं निदान एका ओळीत येतं, आणि त्या मुलाला कोणी विचारलेलंच नाही. सरांना हे पटणार नाही बहुतेक.

माजी_सचिव

पटत नाही, पण तुमच्या कमिटीत असतो तर मतदानात हरलो असतो.